लंकाबाईची रेघ

लंकाबाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो दिवस माझ्या डायरीत आहे. ९ डिसेंबर १९९८. माझी मुलगी वसुधा बाळंतपणाला आली होती आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला सिन्नरकडची एक बाई येणार होती. मी स्वयंपाकघरात होते. मोरीतून आवाज आला, "रडू नको रं राजा, पाणी हाय हे, तेजाब नाय!" आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायला लागले. आणि नातू खरोखर गप्प झाला.

त्या दिवशीच्या नोंदीत मी लिहिलं आहे : "बाई कामाला चोख. बोलते फार." पुढे त्या ओळीची मला लाज वाटली, पण डायरीतलं खोडायचं नाही असा माझा नियम आहे.

लंकाबाई तेव्हा अडतीस-चाळीस वर्षांची असेल. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा किशोर शाळेत. नाशिकरोडला एका चाळवजा घरात एक खोली. सकाळी सहापासून दुपारी बारापर्यंत चार घरांतली बाळं. पाय लांब करून पाटावर बसायची, बाळाला पायांवर आडवं घ्यायची आणि त्याच्याशी सतत बोलायची. रडण्यावरून ती सांगायची, हे भुकेचं, हे झोपेचं, हे पोटातल्या वायूचं. "पोटाचं रडणं असलं ना ताई, की पाय वर घेतंय बघा. भुकेचं असलं की तोंड फिरवतंय." वसुधाने डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली होती. डॉक्टर म्हणाले, बाई म्हणते ते बरोबर आहे.

सव्वा महिना झाला. मी तिच्यासाठी साडी आणून ठेवली होती. तिने ती हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत माझ्या मांडीवर ठेवली.

"साडी नको ताई. मला लिव्हायला शिकवा."

"कशाला गं?"

"इतकी पोरं न्हाऊ घातली. नावं इसरत चालली. तांबोळ्यांचा दुसरा, मास्तरांची पहिली, असंच लक्षात हाय. वहीत लिहून ठेवीन म्हणते."

साडीही दिली आणि मंगळवार-शुक्रवारची दुपारही दिली. दोन वर्षं ती येत होती. माझे यजमान हसायचे, "तुमची कॉन्व्हेंट सुरू झाली का?"

आता इथे मला माझ्या शाळेबद्दल चार ओळी लिहाव्या लागतील, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमचं सगळं शिक्षण इंग्रजीत, मराठीचा एकच तास. इंग्रजी अक्षरं खालच्या ओळीवर उभी असतात, त्यामुळे आम्ही मुली मराठी अक्षरंही खालच्या ओळीवर बसवायचो. वरची रेघ मग वाकडीतिकडी, टेकडीसारखी जायची. सिस्टर फिलोमिना म्हणून मराठी शिकवणाऱ्या होत्या, वसईच्या. त्यांनी आमच्यासाठी एक युक्ती काढली. शिरोरेघ आधी मारायची. आधी दोरी बांधा, मग तिच्यावर कपडे वाळत घाला, असं त्या म्हणायच्या. आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर हात उचलायचा, बघायचं, सरळ आलं का. मग पुढचा.

बाकीच्या मुली मोठ्या झाल्यावर ते विसरल्या. मी मात्र आजही तशीच लिहिते. बहुतेक लोक अक्षरं आधी लिहून रेघ नंतर मारतात, कित्येक तर मारतच नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण मला ते अर्धवट वाटायचं. लंकाबाईला मी माझ्याच पद्धतीने शिकवलं. आधी रेघ. हात उचल. बघ. मग अक्षर. हात उचल. बघ. मग काना.

ती शिकली. तिची बाळांची वही मी पाहिली आहे. पान उभं आखलेलं, नाव, तारीख, घर. अक्षर मोठं, सावकाश, पण एकही रेघ वाकडी नाही. मात्र ती कोणासमोर लिहीत नसे. चाळिशीत शिकलेल्या माणसाचा तो संकोच होता. किशोरला वाटायचं, आई सही करते आणि बसच्या पाट्या वाचते, एवढंच. वही पत्र्याच्या पेटीत, साड्यांच्या खाली.

यंदाच्या एप्रिलमध्ये तिचा घसा बसला म्हणून ती दवाखान्यात गेली. गाठ निघाली. मे महिन्यात ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. आता ती गळ्याला पुढून केलेल्या छिद्रातून श्वास घेते आणि त्यावर पांढरा स्वच्छ कपडा बांधते. जीव वाचला. आवाज गेला.

किशोर मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. तेव्हा त्याला मुलगी होऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तरी आईच्या ऑपरेशनला तो पंधरा दिवस इथे राहिला. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढे वाचणाऱ्याचा गैरसमज होईल.

लंकाबाईच्या शेजारी हर्षाली राहते. तिच्या दोन्ही मुलांना लंकाबाईनेच न्हाऊ घातलं. तिने लंकाबाईच्या फोनमध्ये बोटाने लिहायची सोय करून दिली. खाली एक पांढरी चौकट येते, तिच्यात लिहायचं, आणि वर छापील अक्षरं उमटतात. तेला-पाण्यात आयुष्य गेलेल्या त्या बोटांना काच नीट दाद देत नव्हती, म्हणून हर्षालीने रबरी टोकाचं एक पेनही दिलं.

मला पहिला मेसेज आला १२ जूनला. मी मेसेज डायरीत उतरवून घेते, जसेच्या तसे, तो असा :

"- भी - धरी - अ। ले"

थोडा वेळ लागला, पण कळलं. 'मी घरी आले.' दवाखान्यातून घरी आली होती बिचारी. आणि मी उत्तर काय पाठवलं? तेही डायरीत आहे. "छान. पण 'मी', 'भी' नव्हे. 'घरी', 'धरी' नव्हे. आडव्या रेघा कशाला घातल्यास? नीट लिही." शिवाय उतरवून घेतलेल्या मेसेजखाली मी लाल पेनने चुका अधोरेखित केल्या होत्या.

असं महिनोन्महिने चाललं. तिचे मेसेज म्हणजे आडव्या रेघा, उभे दांडे, मध्येच पूर्णविराम. मी लाल रेघा मारायची आणि दुरुस्त्या पाठवायची. जूनमध्ये तिचे सव्वीस मेसेज आले. जुलैत सतरा. सप्टेंबरमध्ये सहा. ऑक्टोबरमध्ये दोन, आणि त्यातला एक नुसता जोडलेल्या हातांचा. मी गंगापूर रोडला राहते, ती नाशिकरोडला. माझे गुडघे आणि रिक्षाचे धक्के यांमुळे भेटी दोनच झाल्या. भेटीत ती खुणा करायची, हसायची. मी म्हटलं, "अगं कागदावर लिही की." तर मान हलवून चहा करायला उठली. मला वाटलं, आजाराने बाईचं अक्षर सुटलं. खरं सांगायचं तर अक्षरच नव्हे, आणखीही काही सुटत चाललंय की काय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

१३ नोव्हेंबरला दुपारी किशोर माझ्या दारात उभा.

"मावशी, रविवारी आईला मनमाडला नेतोय. कायमचं. खोली सोडतो म्हणून मालकाला सांगितलंय. झिपरूभाऊचा टेम्पो ठरवलाय."

"अरे, पण तिचं काम? डिसेंबरपासून सुरू करायचं म्हणत होती ना?"

"मावशी, काम कसलं?" तो खुर्चीत बसला आणि फोन माझ्यासमोर धरला. "हे बघा. हे बघून सांगा, हे शहाण्या माणसाचं लिहिणं आहे का?"

मी पाहिलं. रेघा, दांडे, ठिपके. पानंच्या पानं. मला येणारे मेसेज कमी झाले होते, त्याला येणारे झाले नव्हते.

"दिवसभर फोनवर खरडत बसलेली असते, हर्षालीताई पण सांगते. विचारलं तर चिडते, मांडीवर हात आपटते. परवा म्हटलं, आई, मला लिहून दाखव काय म्हणायचंय. तर फोन घेतला, अर्धा तास लावला, आणि हे." त्याने एक ओळ दाखवली. 'भल। - नेऊ'वर संपलेली, पुढे नुसत्या रेघा. "आमच्या शॉपमधल्या एकाच्या आईचं असंच सुरू झालं, मावशी. एक दिवस ती घराबाहेर पडली, ती दोन दिवसांनी येवल्याला सापडली. आणि तिला निदान बोलता तरी येत होतं. माझी आई हरवली तर हाक पण मारू शकणार नाही."

त्याचे डोळे भरले. मी पाणी दिलं.

"तिचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"नाही नाही करते नुसती. पण तिच्या नाहीला मी काय अर्थ लावू?" तो उठला. "शनिवारी तिला सिव्हिलला बोलायचं शिकवणाऱ्या मॅडमकडे न्यायचंय. तिथनं मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेणार. तुम्ही याल का? तुमचं ऐकते ती."

मी हो म्हटलं. तो गेल्यावर डायरी काढून बसले. १२ जूनपासूनचे सगळे मेसेज वाचले. माझ्याच लाल रेघांनी पानं इतकी भरली होती की खाली काय लिहिलंय ते दिसेना. तिचं घर, तिची चार घरं, बाळांची वही, सगळं रविवारी एका टेम्पोत जाणार होतं. आणि तिने लिहिलेल्या शब्दांवर तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. ज्या बाईने तिला लिहायला शिकवलं, तीसुद्धा नाही.

शनिवारी, १५ नोव्हेंबरला, आम्ही तिघं सिव्हिल हॉस्पिटलच्या त्या लहानशा खोलीत बसलो. स्वरयंत्र गेलेल्यांना अन्ननलिकेतून आवाज काढायला शिकवतात तिथे. शिकवणाऱ्या चैताली मॅडम तिशीच्या, चटपटीत. त्यांच्या टेबलावर चित्रांचा एक फलक होता. पाणी, जेवण, दुखतंय, झोप. लंकाबाईला त्या महिनोन्महिने त्याच फलकावर बोट ठेवायला सांगत होत्या.

"मॅडम, आधी हे बघा," म्हणून किशोरने फोन पुढे केला.

मॅडमनी वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "पण यांच्या केसपेपरवर तर शिक्षण 'नाही' असं आहे. हे कोणी लिहिलं?"

"मीच भरलं होतं," किशोर म्हणाला.

"केसपेपर तुम्ही भरलात. मेसेज कोणी लिहिलेत?"

"आईनंच."

मॅडमनी लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाई खाली बघत होती. "आजी, तुम्हाला लिहिता येतं?"

लंकाबाईने माझ्याकडे चोरून पाहिलं. शाळेत गृहपाठ दाखवताना मुली बघतात तसं.

"लिहा बरं," मॅडम म्हणाल्या. "काहीही लिहा. घाई नाही."

मी तिच्या उजव्या हाताला बसले होते. तिला फोनवर लिहिताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. इतके महिने मी फक्त त्यातून बाहेर पडलेलं वाचलं होतं.

तिने रबरी पेन घेतलं. पांढऱ्या चौकटीत डावीकडून उजवीकडे एक सरळ, सुंदर रेघ ओढली. हात उचलला. मान तिरकी करून पाहिलं.

तेवढ्यात रेघ नाहीशी झाली. वर छापील आडवी रेघ उमटली. "-".

तिने आता रिकाम्या झालेल्या जागी, जिथे रेघ होती असं तिला वाटत होतं तिथे, अक्षर लटकवलं. अक्षराला डोक्यावर काहीच नाही. हात उचलला. पाहिलं. अक्षर नाहीसं झालं, वर 'ध' उमटला. मग तिने काना दिला. सरळ उभा. हात उचलला. वर उमटलं "।".

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "थांब. लंकाबाई, थांब गं."

तिला वाटलं, मी चूक काढणार. तिने पेन खाली ठेवलं.

"तू नाही चुकत," मी म्हटलं. "हे मी शिकवलंय."

किशोर म्हणाला, "मावशी, काय झालं?"

मी दोरी आणि कपड्यांची गोष्ट सांगितली. आधी रेघ, हात उचल, बघ. सिस्टर फिलोमिनांपासून सगळं. चैताली मॅडम आधी हसल्या, मग त्यांनी फोन हातात घेतला आणि स्वतः चौकटीत तसंच लिहून पाहिलं. रेघ आधी, मग थांबून अक्षर. तेच झालं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "या फोनला वाचता येत नाही, दादा. हा फक्त बघतो की पेन कुठून कुठे गेलं. थोडा वेळ हात थांबला की याला वाटतं, झालं लिहून. मग हातात जेवढं आलंय त्याचं काय होईल ते ठरवतो. नुसती आडवी रेघ आली तर तो डॅश समजणार, दुसरं काय समजेल? नंतर डोक्यावर रेघ नसलेला घ आला. ध आणि भ यांचं डोकं उघडं असतं ना, म्हणून घ चा ध करतो आणि म चा भ. काना उशिरा आला की त्याला तो दंड वाटतो. अनुस्वार उशिरा आला की पूर्णविराम."

"म्हणजे आईनं बरोबर लिहिलं होतं?"

"आई सगळंच लिहीत होती. एकही खूण गाळलेली नाही. यानं ती सुटी सुटी करून ठेवली."

मी पिशवीतून डायरी काढली, मागचं कोरं पान फाडलं (हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं), आणि लंकाबाईपुढे पेनसकट ठेवलं. "लिही. मी बघत नाही," असं म्हणून मी खरोखरच भिंतीकडे तोंड फिरवलं.

बराच वेळ फक्त कागदाची करकर ऐकू आली. मग किशोरचा आवाज, "आई! हे तुझं अक्षर आहे?"

मी वळले. कागदावर होतं : "मी वेडी नाय."

"इतकं नीट लिहायला कधी शिकलीस?"

तिने पुन्हा लिहिलं. "तू सातवीत होता तवा. तू इचारलं नाय."

चैताली मॅडम जोरात हसल्या. किशोरलाही हसू फुटलं, मग त्याने तोंडावर हात घेतला. लंकाबाईचे खांदे हलत होते. आवाज नाही, पण ते तिचं तेच मोरीतलं हसणं होतं. मग ती पुन्हा वाकली आणि माझ्याकडे तिरकं बघत लिहिलं, "ताई चुका काढत्यात म्हणून कमी लिहिते."

"आता नाही काढणार," मी म्हटलं. तिने विश्वास नसल्यासारखा हात हलवला.

"किशोर, तुझा फोन दे," मी म्हटलं. "आणि त्यातला सगळ्यात विचित्र मेसेज काढ."

त्याला शोधावा लागला नाही. तो मेसेज त्याने हर्षालीला, वर्कशॉपमधल्या मित्राला, सगळ्यांना दाखवला होता. २१ ऑक्टोबरचा. त्या दिवशी त्याची मुलगी आरोही, सात महिन्यांची, दुपारपासून रडायची थांबत नव्हती. त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला होता. आई बोलू शकत नाही, पण नातीला बघू तर शकते. आईने थोडा वेळ बघितलं, फोन एकदम बंद केला आणि अर्ध्या तासाने हा मेसेज आला. तो म्हणाला, तेव्हाच मला वाटलं, आता आईला नातसुद्धा ओळखू येत नाही.

मेसेज असा होता :

"- अ। रोही च्य। - पोट। ल। - हि . ग - ल। व - ध। बरू नको"

"वाच," मी म्हटलं. "डॅश आला की त्याला पुढच्या शब्दाच्या डोक्यावर ठेव. उभा दंड मागच्या अक्षराला लाव. टिंब वर चढव. आणि ध दिसला तर त्याच्या जागी घ चालतो का ते बघ."

तो बोट ठेवून वाचायला लागला. पहिलीतल्या मुलासारखा.

"आ... आरोही... च्या. आरोहीच्या. पोटा... पोटाला. हिं... हिंग." तो थांबला. पुढचं त्याला वाचवेना. मीच वाचलं.

"आरोहीच्या पोटाला हिंग लाव. घाबरू नको."

बाहेर केसपेपरच्या रांगेतला गलका ऐकू येत होता.

"त्या दिवशी आम्ही रिक्षा करून डॉक्टरकडे नेलं तिला," किशोर म्हणाला. "त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, गॅस आहे." तो आईकडे वळला. "तू व्हिडिओत बघून ओळखलंस?"

लंकाबाईने दोन्ही हातांच्या मुठी केल्या आणि त्या पोटाशी वर ओढून दाखवल्या. बाळ पाय वर घेतं तसं. मग कपाळावर हात मारला. एवढं कळत नाही का, असा.

"तिचं डोकं जागेवर आहे, दादा," चैताली मॅडम म्हणाल्या. "मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी असेल तर देते. पण मला विचाराल तर चिठ्ठी नको, केसपेपर दुरुस्त करा." त्यांनी स्वतःच पेन घेतलं आणि 'नाही' खोडून 'लिहिता-वाचता येते' असं लिहिलं. खाली सही आणि तारीख.

मग त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हात थांबल्यावर किती वेळ वाट पाहायची ते जास्तीत जास्त केलं. "रेघ आधी की नंतर, याला त्याचं फारसं काही नाही," त्या म्हणाल्या. "सगळं एकत्र मिळालं पाहिजे. आणि आजी, वर तीन-चार शब्द दिसतात बघा, त्यातला बरोबर असेल त्यावर टेकवायचं. रेघ मारलीच नाहीत तरी चालेल, शब्द पूर्ण मिळाला की घ की ध ते तो ओळखतो."

लंकाबाईने कागद ओढला. "नागडी अक्षरं मी लिव्हणार नाय."

"बरं बाई, नका लिहू," मॅडम म्हणाल्या. "घाला कपडे."

तिने नव्याने लिहून पाहिलं. रेघ, हात वर, नजर. या वेळी रेघ जागेवर थांबली. अक्षर लटकलं. काना आला. आणि मग सगळं मिळून वर उमटलं, एकसंध : "घर". पुढच्या शब्दाला तिने जास्तच वेळ घेतला आणि तो पुन्हा तुटला. तिने ओठ दाबून तो पुन्हा लिहिला. "माझं."

किशोर उठून बाहेर गेला. दार उघडंच होतं. तो फोनवर म्हणत होता, "झिपरूभाऊ, उद्याचा टेम्पो नको... नाही, दुसरा दिवस पण नको. नेतच नाही तिला... हो, मीच घाई केली." मग दुसरा फोन, खोलीच्या मालकांना. त्यात बरीच विनवणी होती. मालक म्हणाले, एवढ्यात दुसरा भाडेकरू कुठून मिळतोय, राहू दे. लंकाबाई कान देऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने पदर सावरला आणि गळ्यावरचा कपडा सरळ केला. तिने एक लांब श्वास सोडला, तो कपड्याखालून फुस्स करून बाहेर आला, आणि आम्ही सगळेच हसलो.

परतताना रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो. द्वारका चौकातल्या सिग्नलला किशोर म्हणाला, "पण मावशी, तुम्हाला तर तिचे मेसेज कळत होते ना?"

"काही कळत होते," मी म्हटलं.

"मग मला सांगितलं का नाही?"

यावर मी खरं तेच उत्तर दिलं. "मी चुका मोजत होते रे."

लंकाबाईने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. चोळलाही. तिच्या हाताला अजून तोच जोर आहे. गुडघ्याला त्या दिवशी खरोखर आराम पडला.

किशोर आता दर रविवारी येतो, आरोहीला घेऊन. लंकाबाई तिला पायांवर घेते. गाता येत नाही, म्हणून ती बाळाच्या पाठीवर बोटांनी ठेका धरते. बाळं तेवढ्यानेही गप्प बसतात, असं तिचं म्हणणं. तिने ते मला लिहून कळवलं.

डिसेंबरच्या पहिल्या तारखेला तिने काम पुन्हा सुरू केलं. एकच घर, सकाळचं, हर्षालीच्या नणंदेचं. बाळांच्या वहीत त्या बाळाचा क्रमांक सहाशे बारा. संध्याकाळी मला मेसेज आला :

"आज मलाई न्हाली लय हसली - ठेका धरला"

बाळाचं नाव मल्हारी आहे. मुलगा आहे. नेहमीच्या शब्दांकडे ओढ असते त्या यंत्राची, विशेषतः नावांच्या बाबतीत, असं चैताली मॅडम म्हणाल्याच होत्या. आणि मलाई म्हटल्यावर यंत्राला मुलगीच वाटली असेल, म्हणून 'हसला'चं 'हसली' झालं. मधली आडवी रेघ कुठून आली ते मला आता विचारायची गरज नाही.

मी तो मेसेज जसाच्या तसा डायरीत उतरवला. लाल पेन ड्रॉवरमध्येच होतं. खाली निळ्या शाईत लिहिलं, "मल्हारी हसला." मग लंकाबाईला उत्तर पाठवलं. नेहमीसारखं टाईप न करता मी तिच्यासारखं चौकटीत बोटाने लिहिलं, आधी रेघ मारून. काय उमटलं ते न तपासता पाठवून दिलं.

पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं. जोडलेले हात नव्हते. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा होता, आणि पुढे, अगदी स्वच्छ, एकही रेघ न तुटता : "ताई तुमची पण चूक."